दारावरची जाळी

आमच्या चाळीच्या जागी नवी इमारत उभी करायचं ठरलं, तेव्हा आराखडे मी काढले. चिंचपोकळी स्टेशनच्या मागचा तो लहानसा तुकडा बिल्डरांनी बघून बघून सोडून दिला होता. शेवटी रहिवाशांनी स्वतःच बांधायला घेतलं, चारच मजली. घरात आर्किटेक्ट असताना बाहेरचा कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. माझं लहानपण त्याच चाळीत गेलेलं, त्यामुळे सल्ले द्यायला कुणीच संकोच केला नाही.

मी एका गोष्टीवर अडून बसले, ती म्हणजे वारा. मधोमध पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या, ही जुन्या चाळीची रचना मी ठेवली. प्रत्येक दाराच्या वर मातीची भाजलेली जाळी बसवली. दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, तो पश्चिमेच्या खोल्यांच्या खिडकीतून आत येतो, त्यांच्या दारावरच्या जाळीतून पॅसेजमध्ये, तिथून समोरच्या जाळीतून पूर्वेच्या खोलीत, आणि मग तिथल्या खिडकीतून बाहेर. जिन्याच्या माथ्यावर पश्चिमेकडे तोंड असलेलं एक वाऱ्याचं धुराडं बांधलं. धुराड्यातून धूर वर जातो, याच्यातून वारा खाली उतरतो, असं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, तर एकाने मला पावसाचं काय म्हणून विचारलं. प्रश्न रास्त होता, म्हणून तोंडावर तिरप्या फळ्या आल्या.

मुंबईच्या दमट हवेत जाळी हवा गार करत नाही. ती ऊन अडवते आणि वारा सोडते, एवढंच. पण अंगावरून वारा वाहता राहिला की घाम सुकतो आणि माणसाला बरं वाटतं. माझ्या आईला तर तेवढंच हवं होतं. तिची उमेदीची वर्षं गिरणीत गेलेली, त्या कापसाने तिची छाती कायमची धरली. एसीच्या हवेत तिला खोकल्याची उबळ यायची, आणि पंखा खोलीतलीच तापलेली हवा फिरवत बसायचा. माझ्या दादरच्या घरी ती दोन दिवसांत कंटाळायची. तिला आपल्याच माणसांत राहायचं होतं. चिठ्ठ्या टाकून खोल्या वाटल्या, त्यात तिच्या वाट्याला पूर्वेची, अगदी टोकाची खोली आली. धुराड्याचा वारा जिन्याजवळच्या खोल्यांना पुरे, टोकापर्यंत येईतो त्याचा जीव जाई. म्हणजे आईची सगळी भिस्त समोरच्या खोलीवर. पण समोर काका-काकू होते, जन्माचे शेजारी, म्हणून मी निर्धास्त होते.

राहायला गेल्यावर मी आईच्या दारावर उदबत्ती धरली होती. धूर खोलीत वळला आणि खिडकीकडे सरळ चालू लागला. आई पलंगावरून बघत होती. मी तेव्हा फुशारकी मारली, तीही तिने ऐकून घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात तिची तब्येत ढासळली. रात्री ती बसून काढते, असं शेजारणीने फोनवर कळवलं. मी गेले तर खोली भट्टीसारखी तापलेली. परत उदबत्ती लावली. धूर काठीसारखा उभा राहिला. माझं डोकं फिरलं. माझ्याच जाळीने माझ्याच आईला दगा दिला म्हणून मी गवंड्यापासून कबुतरांपर्यंत सगळ्यांना बोल लावले. मग पॅसेजमध्ये जाऊन वर बघितलं. काकांच्या दारावरची जाळी आतून पुठ्ठ्याने बंद होती.

काकू मार्चमध्ये गेल्या होत्या. माणूस जातं तिथे पिठावर दिवा ठेवतात आणि तेराव्यापर्यंत तो विझू देत नाहीत. त्या खोलीत मात्र दुपारी असा वारा सुटायचा की ज्योत टिकेना. ज्यासाठी मी एवढा आटापिटा केला होता, तोच वारा. तेव्हा खिडकी लावून घेतली आणि जाळीवर फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवला. चिकटपट्टी कापून द्यायला माझी आईच पुढे होती. तेरावं झालं, खिडकी उघडली. पुठ्ठा तसाच राहिला. वाऱ्याला बाहेर जायची वाट नसेल तर तो आतही येत नाही, त्यामुळे काका स्वतःही बंद दाराआड घामाने निथळत बसायचे.

मी उठलेच होते त्यांच्याकडे जायला. आईने हात धरला.

"त्यांना काय बोलू नको," ती म्हणाली. "त्या पुठ्ठ्यावर तिच्या दिव्याची काजळी आहे. ते रोज तिकडे बघत बसतात."

म्हणजे आईला सगळं ठाऊक होतं. एवढे दिवस गुदमरत होती आणि गप्प होती. मला तिचा राग आला, भयंकर राग आला. मी तिला दादरला चल म्हटलं, ती नाही म्हणाली. आमच्या भिंतीला दुसरी जाळी पाडायचंही मनात आलं, पण समोरूनच वारा येत नव्हता तर भिंतीला कितीही भोकं पाडून काय उपयोग?

त्या दुपारी आई हवा मिळेल म्हणून उंबऱ्यापाशी येऊन बसली आणि तिला दम लागला. तोंड उघडं टाकून ती श्वास ओढत होती, मी पाठ चोळत होते. आवाज ऐकून काकांनी समोरचं दार उघडलं. त्यांनी आईकडे बघितलं, मग तिच्या डोक्यावरच्या जाळीकडे, मग मागे वळून आपल्या जाळीकडे. ते आत गेले, स्टूल ओढल्याचा आवाज आला आणि चिकटपट्टी फाडल्याचा. पुठ्ठा त्यांनी काकूंच्या फोटोच्या मागे नीट उभा करून ठेवला. थोड्या वेळाने आईच्या कपाळावरचे केस हलले. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

आई त्यानंतरही तिथेच राहिली, आपल्या पलंगावर, आपल्या माणसांत. दुपारी दोन्ही दारं उघडी टाकून ती आणि काका आपापल्या खोलीत बसायचे. बोलणं फारसं नसायचंच.

गेल्या वैशाखात ती गेली, त्याच खोलीत, दुपारी. संध्याकाळी सगळं आटोपून आम्ही परत आलो, पिठावर दिवा ठेवला, तर ज्योत सारखी लवायला लागली. दोनदा विझता विझता वाचली. जमलेल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मीच उठले. वाऱ्यासाठी सोसायटीशी भांडलेली मी हातात उशीचा अभ्रा घेऊन स्टुलावर चढले, जाळी बुजवायला.

काका दारात येऊन उभे राहिले होते.

"नको गो बाय," ते म्हणाले. "वैनीचो वारो अडवू नको."

मी खाली उतरले. ते आपल्या खोलीत गेले आणि फोटोमागचा पुठ्ठा घेऊन आले. काजळीचा डाग अजून तसाच होता. गुडघ्यावर जोर देत ते खाली बसले, पुठ्ठ्याला दोन घड्या घातल्या आणि तो दिव्याभोवती आडोशासारखा उभा केला, काजळीची बाजू आत करून.