शक्ती दोनदा आली

मला होडी लागते. मच्छीमाराच्या घरात जन्मलेल्या माणसाला होडी लागावी ही गोष्ट बंदरात कुणाला खरी वाटत नाही, पण मला लागते. धक्क्याला बांधलेल्या होडीवर उभा राहिलो तरी पोटात कालवतं. बापाने तीन वेळा समुद्रात नेलं, तिन्ही वेळा मी माशांना परत खाऊ घालून आलो. चौथ्या वेळी तो म्हणाला, "गुरु, तू शीक बाबा. काहीही शीक." मी बी.कॉम. झालो, मुंबईत काही वर्षं एका ऑफिसात चिकटलो, तिथेही न टिकता परत आलो आणि रत्नागिरीजवळच्या आमच्या बंदरात मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी झालो. म्हणजे समुद्रात न जाता समुद्रावर बोलायची सोय झाली.

आणि बोललो म्हणजे काय, नुसता सुटलोच. सोसायटीच्या दारात एक फळा आहे. डिझेलचा भाव, बर्फाचा भाव आणि हवामान त्यावर लिहायचं एवढंच माझं काम. पण मला हवामानाचं वेड लागलं, त्यातही वादळांच्या नावांचं. दर वादळामागे मी फळ्यासमोर उभा राहून व्याख्यान ठोकायचो. आपल्या समुद्राला तेरा देश लागतात, बांगलादेशापासून येमेनपर्यंत. प्रत्येकाने तेरा तेरा नावं दिली, झाली एकशे एकोणसत्तर. देशांची रांग इंग्रजी अक्षरांप्रमाणे. एक वादळ झालं की पुढच्या देशाची पाळी. तेरा देश झाले की परत पहिला देश, त्याचं दुसरं नाव. निसर्ग बांगलादेशाचं, तौक्ते म्यानमारचं. आणि वापरलेलं नाव आपल्याकडे पुन्हा कधी येत नाही. अमेरिकेच्या बाजूला सहा वर्षांच्या सहा याद्या फिरवतात, सातव्या वर्षी तीच नावं परत. फार माणसं मारणारं नाव तेवढं काढून टाकतात. आपल्याकडे तसं नाही, एकदा गेलं ते गेलं.

हे ऐकायला कोण यायचं? बर्फाच्या गाडीची वाट बघणारे खलाशी. ते ऐकायचे, कारण दुसरं काही करायला नसायचं. मला वाटायचं, काय आपलं वक्तृत्व आहे!

आणि सगळ्यात मोठ्या आवाजात मी काय सांगायचो? "वाऱ्याने ताशी बासष्ट किलोमीटर गाठल्याशिवाय दिल्लीचे हवामान खात्यावाले नाव देत नाहीत. कुठल्याही फॉरवर्डवर विश्वास ठेवायचा नाही. नाव पडलं का, एवढंच विचारायचं." हे मी इतक्या वेळा सांगितलं की ते सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. माझ्या आयुष्यात मी कुणाच्या डोक्यात काही बसवलं असेल तर तेवढंच, आणि तेच नेमकं अर्धवट.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, म्हणजे दोन हजार पंचवीसच्या, मोबाईलवर धुमाकूळ सुरू झाला. "शक्ती येतेय! शक्ती कोकणात धडकणार!" यादीतलं पुढचं नाव शक्ती होतं हे खरं. आधीचं फेंगल सौदीचं, आता श्रीलंकेची पाळी, आणि श्रीलंकेचं नाव शक्ती. पण समुद्रात तेव्हा साधा कमी दाबाचा पट्टा होता. जन्माआधीच बारसं! मी संतापलो. फळ्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं: नाव पडलेले नाही. अफवा पसरवू नये. खाली सही ठोकली. सही कशाला? पण ठोकली.

दोन दिवसांनी दिल्लीचं पत्रक आलं. पट्टा आमच्याच किनाऱ्यासमोर जोर धरतोय, त्याचं डिप्रेशन, म्हणजे वादळाच्या खालची पायरी, होऊ शकतं, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, गेलेल्यांनी परत यावं. सर्वेश बाहेर होता. सर्वेश म्हणजे माझ्या शेजारच्या सगुणावहिनींचा मुलगा, तिशीचा, त्यांच्या ट्रॉलरचा तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान. बाप गेल्यावर होडी त्यानेच सांभाळली. जूनपासून मासेमारी बंद होते, म्हणून मोसमाची ही शेवटची फेरी. म्हावरं चांगलं लागलेलं, त्यामुळे गडी हलायला तयार नाही.

मी वायरलेसवर बोलावलं. "सर्वेश, परत ये. हवा बिघडतेय."

"नाव पडलं काय, काका?"

"नाव नाही पडलं, पण..."

"मग नाय ओ. तुम्हीच लिवलंय ना फळ्यावर. दोन वेळा जाळं टाकतो नि उद्या येतो."

मी डोकं धरून बसलो. काय समजावू? नाव बासष्टला पडतं, पण माणूस पंचेचाळीसलाही बुडतो, हे मी कधी फळ्यावर लिहिलंच नव्हतं. पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. तेवढ्यात सगुणावहिनी दारात आल्या. त्यांची जीभ कात्रीसारखी. माझ्या व्याख्यानांना त्या "गुरुभावोजींचं कीर्तन" म्हणतात. त्या दिवशी मात्र पदर तोंडाशी धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भावोजी, येतोय ना तो?"

मी माईक उचलला आणि ठणकावून म्हणालो, "सर्वेश, आताच दिल्लीहून आलंय. नाव पडलं. शक्ती. श्रीलंकेने दिलेलं. ताबडतोब निघ!"

श्रीलंकेसकट खोटं बोललो. खोटं बोलतानासुद्धा माहिती दिल्याशिवाय मला राहवेना.

पलीकडून आवाज आला, "बरं, येतो."

चॅनलवर आणखी चार होड्या ऐकत होत्या, त्याही वळल्या. सर्वेश पहाटे आत आला. दुपारी ते डिप्रेशन रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये कुठेतरी किनाऱ्यावर चढलं. वारा बासष्टच्या खालीच राहिला, नाव पडायचा प्रश्नच नव्हता. पण खाडीच्या तोंडाशी नांगरलेल्या एका होडीचा दोर तुटला आणि ती खडकावर आपटून तिच्या चिरफळ्या उडाल्या. सर्वेशने ती पाहिली आणि माझ्याकडे येऊन, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या पाया पडला.

तिथेच सांगून टाकायचं की नाही? नाही! मी आशीर्वाद दिला. टीव्हीवालेही आठवडाभर शक्ती शक्ती करतच होते, तेव्हा बंदरात सगळ्यांनी गृहीत धरलं की शक्ती आली नि गेली. नारळी पौर्णिमेला सोसायटीने माझा सत्कार केला, शाल घातली. "शक्ती वादळाची अचूक सूचना देणारे" असं अध्यक्ष म्हणाले आणि मी मान खाली घालून, जणू विनयाने, ऐकून घेतलं. खरं तर मला हसू आणि घाम एकदमच येत होते.

मग ऑक्टोबर उजाडला. गुजरातच्या बाजूला डिप्रेशन झालं, ते वाढलं, बासष्ट ओलांडलं, आणि दिल्लीने रीतसर, यादीप्रमाणे, नाव दिलं: शक्ती. आता हे मात्र सोळा आणे खरं. वादळ पश्चिमेकडे, ओमानच्या दिशेने जाणार होतं, किनाऱ्यावर येणार नव्हतं. पण आमच्या जिल्ह्यालाही इशारा, समुद्र खवळणार, कुणी बाहेर राहू नये. आणि सर्वेश कुठे? वायव्येला, खोल पाण्यात. त्या वादळाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ.

मी वायरलेसवर ओरडलो, "सर्वेश, शक्ती वादळ! परत फीर!"

आवाज तुटत तुटत आला. "काका, जुना मेसेज आला वाटतं तुम्हाला. शक्ती मेमध्ये होऊन गेली. गेलेलं नाव परत येत नाय, तुम्हीच तर शिकवलंत. कोणीतरी चुना लावलाय तुम्हाला." मागे खलाशांचं हसणं ऐकू आलं. दुसऱ्या एका होडीवरून कोणीतरी म्हणालं, "अमेरिकेत येतं हां परत, सातव्या वर्षी!"

च्यायला, सगळं पाठ होतं पोरांना. एक अक्षर विसरली नव्हती.

सगुणावहिनी याही वेळी माझ्या बाजूला उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, बघायची छातीच झाली नाही. एवढी वर्षं लोक मला हसायचे ते माझ्या बडबडीला. खोटारडा मात्र कोणी म्हटलं नव्हतं. पण सर्वेश जाळं टाकत असणार, आणि प्रत्येक क्षण मी माझ्या अब्रूवर खर्च करत होतो.

"सर्वेश, सगळ्यांनी ऐका. मेमध्ये शक्ती नव्हती. नाव पडलंच नव्हतं. वारा पन्नासच्या आत होता, नावापर्यंत पोचलाच नाही. तू ऐकत नव्हतास म्हणून मी नाव खोटं सांगितलं. आज खरं पडलंय. हे मी आईची शपथ घेऊन सांगतो."

चॅनलवर कोणीतरी एक सणसणीत शिवी हासडली. ती कुणाची ते मी विचारलं नाही.

मग सर्वेश बोलला. आवाज वेगळाच होता. "काका, तेव्हा नाव नव्हतं?"

"नव्हतं."

"तुम्ही नाव सांगितलंत म्हणून मी वळलो. नायतर नसतो वळलो. दुसऱ्या दिवशी त्या होडीच्या फळ्या बघितल्या मी. जाळं वर घेतोय. निघतो."

त्याच्यामागे बाकीच्यांनीही एकेक करून "निघतो" म्हटलं. मी माईक ठेवला. जमिनीवर असूनही मला होडी लागली होती. सगुणावहिनी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, मुलाने काय सांगितलं तेही. आता त्या मला फाडून खाणार असं समजून मी आधीच बोलायला सुरुवात केली. "वहिनी, चुकलो मी. राजीनामा देतो. आता माझ्यावर विश्वास कोण ठेवणार..."

"भावोजी, गप्प बसा जरा," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "पुढच्या वेळी तो नाय ऐकला ना, तर परत खोटं बोला."