मामांचं ‘सरी’

माझं शिक्षण एका प्रश्नावर थांबलं. साइन एकशेवीस किती? इतकी वर्षं लोटली तरी तो आकडा कुठे दिसला की मला राग येतो.

वडिलांची बदली पुण्याहून बंगलोरला झाली तेव्हा मी आणि दादा एकाच वर्षी मॅट्रिक झालो होतो. दादा माझ्याहून वर्षाने मोठा, पण आठवीत एकदा नापास झाला होता. कारखान्याच्या वसाहतीत, के. आर. पुरमच्या बाजूला, आम्हाला घर मिळालं. गावात ओळख एकच, आईचा सख्खा भाऊ. मामा तरुणपणीच नोकरीसाठी इथे आलेले, एका कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांचं मराठी आमच्याच घरचं होतं, पण वाक्यावाक्यात कानडी येऊन बसलेलं. कॉफी ‘स्वल्प’ हवी असायची, आणि बाकी सगळ्यावर उत्तर ‘सरी’.

बाहेरगावच्या मुलांना तेव्हा विज्ञान शाखेत सहजी घेत नसत. मामा त्यांच्या कॉलेजात शब्द टाकणार होते, पण एकाच नावासाठी. दोन भाचरांसाठी एकदम शब्द टाकणं बरं दिसत नाही, असं ते म्हणाले. मग वडिलांनी तोडगा काढला: मामांनी दोघांची तोंडी परीक्षा घ्यावी, जो वरचढ त्याचं नाव जाईल. मला हा न्याय वाटला. गणितात दादा माझ्या आसपासही नव्हता आणि ते सगळ्या घराला ठाऊक होतं. इथल्या शिवाजीनगरला बस बदलून मल्लेश्वरमला मामांकडे जाताना मी मनातल्या मनात कॉलेजची वेणी घालत होते.

मामांनी सुरुवातीचे प्रश्न सोपे विचारले. ते मी पटापट सोडवले आणि दादा खिडकीबाहेर बघत राहिला. मग मामांनी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, “साइन एकशेवीस अंश किती?”

आमच्या मॅट्रिकच्या पुस्तकात साइन म्हणजे एवढंच होतं: काटकोन त्रिकोण घ्या, कोनासमोरची बाजू भागिले कर्ण. कोसाइन म्हणजे कोनालगतची बाजू भागिले कर्ण. आणि कोन नेहमी नव्वदच्या आतला. मी मनात त्रिकोण काढून बघितला. तो होईना.

“एकशे ऐंशीतून एकशेवीस गेले, साठ,” दादा धडाधडा म्हणाला. “साठची साइन, वर्गमूळ तीन छेद दोन.”

“आणि कोसाइन?”

“वजा एक छेद दोन.”

आदल्या रविवारी दादा एकटाच मामांकडे जेवायला गेला होता, हे मला तिथेच आठवलं. नुसती भाजी-भाकरी खाऊन आला नव्हता तर.

“तू?” मामांनी मला विचारलं.

“साइन एकशेवीस असं काही नाहीच,” मी म्हटलं. “त्रिकोणाचे तीन कोन मिळून एकशे ऐंशी. त्यातला काटकोन नव्वद खातो. उरलेल्या दोघांत मिळून नव्वद. एकशेवीसचा कोन काटकोन त्रिकोणात बसायचा कुठे? कर्ण कुठला, समोरची बाजू कुठली? आणि दादाचं कोसाइन वजा आलंय. बाजूची लांबी वजा कशी असेल?”

आई मला डोळ्यांनी दटावत होती. मामा खुर्ची मागे सरकवून बसले. मग हळूच म्हणाले, “सरी.”

आम्हाला बंगलोरात येऊन महिनाही झाला नव्हता. ‘सरी’ आम्ही ऐकलं होतं ते दूधवाल्याकडून आणि वाण्याकडून. वाणी पुडी हातात देऊन ‘सरी’ म्हणायचा, म्हणजे झालं, निघा आता. आईने दूध उद्या जास्त घाल म्हटलं की दूधवाला ‘सरी’ म्हणून वळायचा. तेव्हा मामांचं ‘सरी’ आम्ही सगळ्यांनी तसंच घेतलं. झालं, पुरे, बस आता. मी ओशाळले. वडील दादाच्या पाठीवर हात ठेवून उठले. त्याचं नाव गेलं, तो कॉलेजात गेला, आणि पुढे इंजिनियरही झाला. आज नदीवर त्याने बांधलेले पूल उभे आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मला वडिलांनी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात चिकटवलं. काम ट्रेसरचं. ड्राफ्ट्समनने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर आरपार दिसणारं मेणकापड पसरायचं आणि काळ्या शाईने रेघ न् रेघ गिरवायची. स्वतःची एकही रेघ काढायची नाही. घरातले म्हणायचे, बघ, तुझं भूमितीचं वेड वाया गेलं नाही. मी बोटांवरची शाई घासत राहायचे.

एकदा माझ्या टेबलावर एक तक्ता आला. शिकाऊ मुलांच्या वर्गात भिंतीला लावायचा होता. विजेचा प्रवाह उलटसुलट कसा वाहतो हे त्यांना दाखवायला. डावीकडे एक वर्तुळ, त्याच्या मध्यातून एक आडवी आणि एक उभी रेघ. वर्तुळाच्या परिघावर तीस-तीस अंशांनी खुणा. त्रिज्येवर लिहिलेलं: एक. प्रत्येक खुणेतून उजवीकडे आडव्या रेघा गेलेल्या, आणि त्यांच्यावरून एक लाट उठलेली. लाटेखाली लिहिलं होतं: साइन.

मी गिरवायला घेतलं. वर्तुळाच्या उजव्या टोकाला शून्य अंश. तिथून घड्याळाच्या उलट्या दिशेने वर जायचं. साठच्या खुणेपासून मध्यापर्यंत त्रिज्या होती, आणि खाली मधल्या आडव्या रेघेवर एक तुटक लंब सोडलेला. तिथे माझा हात थांबला. हा तर माझा पुस्तकातला त्रिकोण! कर्ण म्हणजे त्रिज्या, म्हणजे एक. समोरची बाजू भागिले एक, म्हणजे नुसती समोरची बाजू. साइन म्हणजे त्या खुणेची मधल्या आडव्या रेघेपासूनची उंची. कोसाइन म्हणजे ती खूण उभ्या रेघेपासून किती बाजूला आहे ते अंतर. त्रिज्या एक घेतली म्हणून भागाकारच उरला नाही.

आणि एकदा ‘उंची’ म्हटलं, की त्रिकोणाची गरजच संपली. खूण नव्वदवर गेली की त्रिकोण मिटून नुसती उभी रेघ होते, पण उंची आहेच, ती एक. बाजूचं अंतर शून्य. खूण माथा ओलांडून एकशेवीसवर गेली की वर्तुळाच्या मध्यावर त्रिकोणात बसणारा कोन राहत नाही, पण खुणेला उंची आहेच. ती साठच्या उंचीइतकीच, कारण दोघी लाटेकडे गेलेल्या एकाच आडव्या रेघेवर होत्या. ती रेघ मी नुकतीच गिरवली होती. फरक एवढाच की ही खूण उभ्या रेघेच्या डावीकडे होती, आणि डावीकडची अंतरं वजा मोजायची. म्हणून साठचं एक छेद दोन इथे वजा एक छेद दोन. लांबी वजा झालीच नव्हती. ती लांबी नव्हती, जागा होती.

एकशे ऐंशीनंतर खूण मधल्या आडव्या रेघेच्या खाली गेली आणि लाटही खाली गेली. तीनशे साठला खूण घरी आली, लाट पुन्हा पहिल्यासारखी उठायला तयार. नव्वदच्या आत जुनं उत्तर आणि नवं उत्तर एकच येत होतं, तसूभर फरक नाही. जुनी व्याख्या कोणी खोटी ठरवली नव्हती. तिचं कुंपण काढून टाकलं होतं. मेणकापडावर शाईचा थेंब पडला आणि मला वरिष्ठांची बोलणी खावी लागली. मी ऐकून घेतली. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. मामांनी मला जुनी व्याख्या हाताशी असताना नव्या व्याख्येचा प्रश्न विचारला होता. जुन्या व्याख्येत एकशेवीसला साइन नाही, हे माझं उत्तर बिनचूक होतं. दादाला फक्त वजाबाकी पाठ होती, आणि ती कुठून आली हे त्याने आजतागायत कोणाला विचारलेलं नाही.

दादाच्या साखरपुड्याला सगळे मामांकडे जमले. मामा तेव्हा निवृत्त झाले होते, व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसलेले. पंगती उठल्यावर मी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले आणि मेणकापडावरचं सगळं वर्तुळ त्यांना बोलून दाखवलं. ते मान डोलावत ऐकत होते. मला वाटलं होतं, चकित होतील. निदान ओशाळतील.

“मामा, म्हणजे माझं तेव्हाचं उत्तर चूक नव्हतं,” मी म्हटलं.

“चूक कोण म्हणालं, अगं?” ते म्हणाले. “मी तेव्हाच म्हटलं होतं की. सरी म्हटलं होतं.”

मला काही कळेना. मामांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना हसूच आलं. “सरी म्हणजे बरोबर! नुसतं ‘असू दे’ नव्हे. कॉलेजात पोरांच्या उत्तराला मी तेच म्हणायचो. तुला इतकी वर्षं काय वाटलं?”

इतकी वर्षं इथे राहून ‘सरी’चे दोन्ही अर्थ मला पाठ झाले होते. त्या दिवसाच्या ‘सरी’ला मात्र मी कधी परत हात लावला नव्हता.

“मग माझं नाव का नाही घातलंत?”

मामांनी आत बघितलं. आत वडील व्याह्यांना दादाची बढती सांगत होते.

“तुझ्या वडिलांनी आधीच कळवलं होतं, मुलाचं बघा म्हणून. परीक्षा तुझ्या समाधानासाठी होती. सोप्या प्रश्नांत तू त्याला पुरून उरशील हे मला माहीत होतं, म्हणून एक असा प्रश्न ठेवला जो फक्त पढवून येतो.” मग म्हणाले, “पण तू तिथेही बरोबर उत्तर दिलंस. तेव्हा काय म्हणणार? सरी म्हटलं.”

त्यांना त्यात स्वतःचा प्रामाणिकपणा दिसत होता. मी उठले आणि पंगतीची पानं गोळा करायला गेले, कारण आई हाक मारत होती.

वडील गेले, मामा गेले. मी अजून बंगलोरातच आहे. भाजीवाला पैसे घेऊन ‘सरी’ म्हणतो, तेव्हा मी लगेच निघत नाही. पिशवी खाली ठेवते आणि त्याच्याकडे बघून विचारते, “काय रे, बरोबर, की पुरे?” तो गोंधळतो. मी उत्तर मिळेपर्यंत उभी राहते.