झुंबरताईंचा फाटलेला कान

नकली दागिन्यांच्या त्या दुकानात काचेच्या कपाटात मांडलेले झुमके फारसे खपत नसत. झुंबरताईंनी कानात घातलेले मात्र खपत. हे मालकांच्या लक्षात आलं त्याच दिवशी ताईंच्या कानांचं नशीब ठरलं. रोज सकाळी शटर वर गेलं की मालक सगळ्यात मोठी, सगळ्यात वजनदार जोडी काढून काउंटरवर ठेवत आणि ताई ती संध्याकाळपर्यंत मिरवत. मान जराशी कलती ठेवून हसलं की लोलक हलतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. गिऱ्हाईक हमखास विचारायचं, जड नाहीत ना? ताई हमखास सांगायच्या, छे हो, दिवसभर घालून उभी आहे ना मी तुमच्यासमोर. झुंबरताई हे नाव तिथूनच पडलं, आणि त्यांनाही ते मनापासून आवडायचं.

नवरा गेल्यावर घर आपल्या कानांनी ओढलं असं त्या थट्टेत म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. लेकीचं शिक्षण, घरभाडं, सगळं त्या काउंटरवर उभं राहून झालं. त्या बदल्यात भोकांच्या हळूहळू उभ्या चिरा झाल्या. झुमका इतका खाली लोंबू लागला की ताई कानाच्या पाळीला मागून चिकटपट्टी लावायच्या आणि वर केस ओढून घ्यायच्या. रात्री पाळी ठणकायची. सकाळी पुन्हा तेच. पोट हातावर असलं की माणूस दुखण्याकडे सरळ कानाडोळा करतो.

मग एका दुपारी, गिऱ्हाइकासमोर आरसा धरायला त्या वाकल्या, झुमक्याची जाळी त्या बाईच्या ओढणीत अडकली आणि बाई नेमकी त्याच क्षणी वळली. उजव्या कानाची पाळी खालपर्यंत फाटून दोन झाली. गिऱ्हाईक घाबरलं, ताईंनी तिलाच धीर दिला, रुमाल दाबून मागच्या खोलीत गेल्या. तिथे खडे चिकटवणारे काका बसायचे. त्यांच्या टेबलावर गोंदाची नळी पडली होती, तीच, पितळेवर खडा एकदा बसला की मरेपर्यंत न सोडणारी. काका नको नको म्हणत राहिले. पण ताईंनी उभं आयुष्य त्या गोंदाचा पराक्रम पाहिलेला. त्यांनी पाळीची दोन टोकं जुळवली, थेंब सोडला, चिमटीत धरून ठेवलं, आणि केसांचा पडदा ओढून पुन्हा काउंटरवर हजर झाल्या.

दोन-तीन दिवस गोंदाने आपलं नाव राखलं. मग कान लाल झाला, सुजला, आतून पू यायला लागला आणि जोड सुटला. लेकीने हाताला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण वयाने लहान होती, पण कान बघून तिने ताईंची अशी खरडपट्टी काढली की बाहेरच्या बाकावरचे लोकही सरळ बसले.

ताईंनी एकच विचारलं. "जुळेल ना परत?"

"जुळेल. पण आज नाही," ती म्हणाली. "त्याच दिवशी तशाच आला असता तर जखम ताजी होती, स्वच्छ करून टाके घातले असते. आता आधी ही सूज आणि पू जायला हवा. तोवर दोन्ही कडा आपापल्या भरून येतील, त्यांच्यावर कातडी धरेल. अशा कडा नुसत्या एकमेकींना लावून कधीच चिकटत नाहीत. सुई देऊन जागा बधिर करायची, कडा कापून पुन्हा ताज्या करायच्या आणि मग शिवायचं. काम छोटं आहे, त्याच दिवशी घरी जाल."

डाव्या कानाची चीर पाहून तिने तोही कान आजपासून मोकळा ठेवायला सांगितलं. घरात कुणाच्या जखमेचे व्रण जाड, फुगीर होतात का, हेही विचारलं. तसं काही नव्हतं.

हंगाम तोंडावर आला होता. मालक वाईट माणूस नव्हते, पण उघडे कान घेऊन झुमके कसे विकणार, हे त्यांनी हळू आवाजात विचारलंच. वर स्वतःच तोड सुचवली: लेक घरीच आहे, ती काही दिवस उभी राहू दे, जागा घरातच राहील. ताईंना हायसं वाटलं. लेकीला तर आनंदच झाला; आईसारखंच उभं राहायचं तिच्या फार मनात होतं.

सूज उतरून पाळी मऊ व्हायला बरेच आठवडे गेले. मग टाके पडले, आठवड्याभराने निघाले, आणि पाळीवर बारीक रेघ तेवढी उरली. ताई आरशापुढून हलेनात. कान सुंदर झाला होता. पुन्हा झुमके कधी, असं त्यांनी विचारलं तेव्हा डॉक्टरिणीने बोटांवर मोजून अटी सांगितल्या. निदान तीन महिने भोक पाडायचं नाही, पाडलं तरी त्या रेघेवर नाही, बाजूला, कारण व्रणाची कातडी मूळच्या कातडीइतकी घट्ट नसते. आणि घालायचं ते हलकं, झोपताना काढून ठेवायचं. तशा जडशीळ जोड्या परत लटकवल्या तर पुन्हा फाटणार. वेळेवर थांबलं तर हे दुखणं होतच नाही, ती म्हणाली. भोक लांबट दिसायला लागलं, तिथेच वजन उतरवायचं.

लांबट हा शब्द ऐकला आणि ताईंच्या डोळ्यांसमोर लेकीचा कान आला. काल जेवताना दिव्याखाली दिसला होता. दिसला होता, आणि त्यांनी आमटी वाढायला घेतली होती.

दवाखान्यातून त्या घरी गेल्याच नाहीत, थेट दुकानात गेल्या. गर्दी होती. लेक मान कलती ठेवून हसत होती, आणि तिच्या कानात तीच जाळीची जोडी होती. ताईंनी काउंटरच्या आत शिरून तिची हनुवटी धरली. भोक गोल राहिलं नव्हतं. त्यांना आपलीच भयंकर लाज वाटली. आपली जागा राखायला आपण पोरीचा कान गहाण टाकला, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं.

"काढ ते," त्या म्हणाल्या.

"आई, लोक बघताहेत."

लेक हलेना, तेव्हा ताईंनी स्वतःच फिरक्या सैल करून दोन्ही झुमके काढले. समोरच्या गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवले. "जड आहेत," त्यांनी सांगितलं. "थोडा वेळ घालायला ठीक. रोज घालाल तर कान फाटेल. माझा फाटला."

बाईने झुमके काउंटरवर ठेवले आणि निघून गेली.

मालकांना ताईंनी समजावून पाहिलं. जड जोड्या मखमली स्टँडवर लावू, मी हलक्या घालून उभी राहते, भोक पाडता येईल तेव्हा. तोवर हातात धरून दाखवीन. मालकांनी सगळं ऐकून घेतलं, टेबल पुसलं आणि म्हणाले, "ताई, स्टँडला कोण विचारतं? मला कान लागतात. दुसरी कुणी बघावी लागेल." त्यात राग नव्हता. ताई लेकीला घेऊन बाहेर पडल्या.

रस्त्यावर लेक चार पावलं पुढे चालत होती. तिची पहिलीवहिली नोकरी गिऱ्हाइकांच्या देखत गेली होती. कोपऱ्यावर ती गर्रकन वळली.

"तू इतकी वर्षं घातलेस तेव्हा तुला कुणी अडवलं का?"

"नाही," ताई म्हणाल्या. "कुणीच नाही अडवलं."

लेक पुन्हा पुढे निघाली. पुढच्या महिन्याचं काय, हे ताईंना ठाऊक नव्हतं. या वयात मोकळ्या कानांनी कुठे उभं राहायचं, हेही नाही. पोरगी आता बरेच दिवस धड बोलणार नाही, एवढंच नक्की होतं. त्या मागून चालत राहिल्या. लेकीचे केस वर बांधलेले होते आणि तिचे दोन्ही कान मागून स्पष्ट दिसत होते, लाल, रिकामे, अजून अखंड.