डांबराखालचं लोखंड

मोटार घ्यायला आलेला माणूस बिराप्पाला लांबूनच कळायचा, आणि कळला की त्याच्या ओठाची एक बाजू खाली ओढली जायची. तो माणूस आधी टायरला लाथ घालायचा. मग हॉर्न वाजवून बघायचा. शेवटी आरशात बघून टोपी नीट करायचा, की झाली मोटार बघून. साताऱ्याच्या नाक्यावरच्या गॅरेजात बिराप्पा फिटर होता. असल्या गिऱ्हाइकाला तो हातातलं काम न सोडता म्हणायचा, "आरसा झ्याक हाय. आरसाच सोडवून घिऊन जावा." गॅरेजच्या मालकाला हे बोलणं रुचायचं नाही, पण बिराप्पाचा हात चांगला होता, म्हणून तो ऐकून न ऐकल्यासारखं करी.

बिराप्पा वडूजकडचा धनगर. बापजाद्यांचा जन्म मेंढरांमागं गेला. दुसऱ्या महायुद्धात तो फौजेत भरती झाला आणि त्याला कराचीच्या बंदराजवळच्या लष्करी वर्कशॉपात टाकलं. तिथं त्यानं समुद्र बघितला, आणि समुद्र लोखंडाचं काय करतो तेही. धक्क्यावर उभ्या असलेल्या लॉऱ्या वरून नव्या नवरीसारख्या दिसायच्या आणि खाली बघावं तर स्प्रिंगांचे पाटे धरणारे लोखंडी कान गळून पडायला आलेले. आपल्याकडच्या मोटारीला गंज चढतो तो वरवरचा, लाल भुकटीसारखा. तारेच्या ब्रशनं घासला की खाली लोखंड शाबूत. खाऱ्या हवेचा गंज तसा नसतो. तो चिरोट्यासारखे पापुद्रे धरतो, एक सोलला की खाली दुसरा. चासीच्या, म्हणजे मोटारीच्या सांगाड्याच्या, दांड्यांच्या पोकळीत चिखल साचतो, त्या चिखलात मीठ मुरतं, आणि पाऊस नसला तरी ते मीठ हवेतली ओल ओढून घेत राहतं. लोखंड आतून जातं. बाहेर कळतं तेव्हा कळून उपयोग नसतो.

मुंबईची मोटार घेणाऱ्यांचा बिराप्पाला म्हणूनच भारी राग. लढाई संपली तशा मुंबईच्या जुन्या मोटारी घाट चढून यायला लागल्या होत्या. वकील, सावकार, इनामदार घेत होते. महिन्या-दोन महिन्यांत त्या बिराप्पाच्या पुढ्यात यायच्या. दार लागत नाही म्हणून यायच्या, आणि दार लागत नाही कारण बॉडी खाली बसलेली असायची. "घेताना खाली वाकून बघितलं न्हाई का?" असं तो विचारायचा. कपडे खराब होतात, असं कुणी म्हटलं की त्याला परमसुख व्हायचं. पुढं आठवडाभर तो ते वाक्य त्या माणसाच्या आवाजात म्हणून दाखवायचा.

असा हा माणूस स्वतःसाठी मोटार घ्यायला सांगलीला गेला.

वडूज ते सातारा भाड्यानं गाडी चालवायची, हा बेत त्याच्या बायकोचा, रंगुबाईचा. फौजेतली शिल्लक होती, त्यात तिनं आपल्या वाटणीची मेंढरं विकून भर घातली. सांगलीत मधुकरराव नावाचे एक गृहस्थ मुंबईच्या मोटारी आणून विकतात असं कळलं. बिराप्पानं ते नाव ऐकून नाक मुरडलं खरं. पण आपण काही वकील-सावकार नव्हे, आपल्याला कोण फसवतो, असंही त्याच नाकानं ठरवलं. लग्नात शिवलेला कोट, पांढराफेक पटका आणि कडक धोतर घालून तो रंगुबाईला बरोबर घेऊन निघाला. रंगुबाई म्हणाली, कोट कशाला, मोटारीखाली शिरायचंय ना? तो म्हणाला, तिथं माणसं बघून भाव सांगतात.

मधुकररावांनी तर माणूस बघितला आणि सगळाच भाव ओळखला. त्यांनी बिराप्पाला खुर्ची दिली. कानवाल्या कपात चहा दिला. "बिराप्पाशेठ," म्हणाले, "तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला मी काय दाखवणार? तुम्हीच मला चार गोष्टी सांगाव्या." साताऱ्यात ह्याला आजवर सगळे 'ए बिराप्पा' म्हणत आले होते. शेठ कुणी म्हटलं नव्हतं, आणि शहरातल्या माणसानं बस म्हणून खुर्ची तर कधीच दिली नव्हती. त्यानं चहा बशीत न ओतता तसाच कपानं प्यायला आणि जीभ भाजून घेतली.

मोटार हिरव्या रंगाची होती, काचेसारखी चकाकत होती. मधुकररावांनी सांगितलं की ती वरळीला समुद्रावरच्या एका बंगल्यात होती, पण पक्क्या छपराखाली. भिजली कधी नाही. हे वाक्य दुसऱ्या कुणी गॅरेजात म्हटलं असतं तर बिराप्पानं त्याची सालं काढली असती. वाऱ्याला छप्पर अडवतं का? पण शेठ झालेल्या बिराप्पानं मान डोलावली. त्यानं बॉनेट उघडून इंजिन ऐकलं. इंजिन खरोखर गोड चालत होतं. मग तो मोटारीभोवती एक फेरी मारून आला. आणि सांगायला लाज वाटते, पण सांगितलं पाहिजे: त्यानं टायरला लाथ घातली.

रंगुबाई लांब उभी राहून हे बघत होती. तिनं मागचं दार उघडलं आणि आत बसून बघितलं. बसली ती तशीच पाय दाबत राहिली. मग म्हणाली, "आवं, हितं पायाखाली भुसभुशीत लागतंय."

मधुकरराव हसले. गालिचा जाड आहे बाई, विलायती आहे, असं म्हणाले. बिराप्पाही हसला, ते हसले म्हणून हा शेठही हसला. रंगुबाईनं गालिच्याची कड उचलली. खालची फळी काळी पडली होती आणि तिच्या अंगठ्यानं ती शिळ्या भाकरीसारखी दबली. ती खाली उतरली. नवऱ्याच्या जवळ येऊन हळू आवाजात बोलली. "मेंढरू घेताना तुमी खूर उचलून बघता. प्वाट चाचपता. हितं निसती लोकर बघून पैसं देनार व्हय?"

बिराप्पाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ओठाची एक बाजू खाली गेली, पण या खेपेला ती कुणासाठी गेली हे त्याचं त्यालाच माहीत. कोट काढून त्यानं रंगुबाईच्या हातात दिला, पटका सोडला, आणि सदऱ्याच्या खिशातून डिसमिस, म्हणजे स्क्रू पिळायचं हत्यार, काढून पाठीवर झोपून मोटारीखाली सरकला. मधुकरराव म्हणाले, "अहो शेठ, कपडे खराब होतील." बिराप्पा आणखी आत सरकला.

खाली सगळं नवंकोरं काळं दिसत होतं. डांबर. आठवड्याचंही नसेल, अजून वास मारत होतं. नटांवर डांबर, पाट्यांवर डांबर, ब्रेकच्या सळयांवरसुद्धा डांबर. जुन्या मोटारीच्या पोटाला कोण एवढं नटवतं? ज्याला काही झाकायचंय तो. बिराप्पानं डिसमिसची मूठ दांड्यावर आपटत पुढून मागं यायला सुरुवात केली. पुढं इंजिनापाशी लोखंड टण्ण वाजलं. तिथं तेल गळून गळून ते बचावलं होतं. मधे आवाज बसका झाला. मागच्या चाकाच्या वर, जिथं चाकानं उडवलेला चिखल साचतो आणि चासी वळण घेते, तिथं भिजलेल्या ढोलासारखा थप् झाला. त्यानं तिथलं डांबर खरवडलं. पापुद्रे त्याच्या तोंडावर पडले. डिसमिसचं टोक लावून जरा जोर दिला, तर ते मुठीपर्यंत आत गेलं, आणि बाहेर काढलं तर त्याच्याबरोबर गोणपाट आलं. भोकात गोणपाट कोंबून वर डांबर फासलं होतं.

तो बाहेर आला. तोंड काळं-तांबडं झालेलं, हातात गोणपाटाची चिंधी.

"ह्यो कंचा पार्ट म्हनायचा, मालक?"

मधुकररावांनी खुर्चीची भाषा सोडली. म्हणाले, मुंबईच्या गाडीला थोडाफार गंज असायचाच. तो वरवरचा आहे, पत्रा ठोकून वेल्डिंग केलं की झालं. आणि पुढं जे म्हणाले ते फाटकापाशी उभ्या असलेल्या लोकांनाही ऐकू गेलं, कारण ते ऐकवायलाच म्हटलं होतं. मेंढक्यांनी मेंढरं घ्यावीत, मोटारीतलं त्यांना काय कळतं.

फाटकात नानासो नावाचे कुंडलचे एक बागायतदार होते. मधुकररावांकडूनच त्यांनी दिवाळीत एक निळी मोटार घेतली होती, आणि हॉर्न जरा जोराचा बसवून मिळेल का हे विचारायला ते आज आले होते.

बिराप्पा चिडला नाही. चिडायची वेळ त्यानं अगोदरच स्वतःवर खर्चली होती. त्यानं मोटारीतलाच जॅक मागितला. सगळ्यांना लांब व्हायला सांगितलं, पुढच्या चाकांना दगड लावले, आणि मागच्या वळणाशी, चासीच्या दांड्याखाली, जॅक नीट उभा केला. मग लांबूनच दांडी फिरवायला लागला. "लोखंड चांगलं असंल तर मोटार वर यील," तो म्हणाला. "बगा."

जॅक वर गेला. मोटार आली नाही. सुकी पत्रावळ चुरगाळावी तसा आवाज होत जॅकचं डोकं दांड्यात शिरलं, आणि तांबड्या पापुद्र्यांचा एक लोंढा फरशीवर पडला. मागचं दार आपोआप उघडलं.

नानासो हॉर्नचं विसरले. त्यांनी रस्त्यावर उभ्या असलेल्या आपल्या निळ्या मोटारीकडे बघितलं, मग आपल्या इस्त्रीच्या धोतराकडे बघितलं, आणि बिराप्पाला विचारलं, "पाव्हणं, जरा आमच्याबी खाली बघता का?"

"तुमीच बगा की," बिराप्पा म्हणाला. "डोळं हायतच." पण डिसमिस त्यानं नानासोंच्या हातात दिलं, आणि कुठं ठोकायचं, आवाज कसा ऐकायचा हे सांगितलं. आणि सांगलीच्या भर रस्त्यात बागायतदार धोतर खोचून मोटारीखाली शिरले. थोड्या वेळानं खालून शिव्या ऐकू यायला लागल्या. त्या मधुकररावांनीही ऐकल्या असाव्यात, कारण ते घाईनं घरात जाऊन दाराला कडी घालताना दिसले.

परतीला उतारूंच्या सर्व्हिस मोटारीत बिराप्पा नखांतलं डांबर काढत बसला. कोट रंगुबाईच्याच मांडीवर होता. कराडच्या पुढं तो म्हणाला, "मला येडा बनवला न्हाई त्यानं. मीच बनलो." रंगुबाईनं मांडीवरच्या कोटाची घडी नीट केली. हो म्हणायची तिला गरज वाटली नसावी.

उन्हाळ्यात त्यांनी म्हसवडच्या एका ठेकेदाराची मोटार घेतली. तिच्या बॉडीला पोचे पडलेले, रंग कुठला ते कुणी सांगू शकत नव्हतं, एका मडगार्डला तारेनं बांधलं होतं. पण माणदेशाच्या धुळीत वाढलेली ती मोटार पोटाखाली खडखडीत कोरडी होती; घासलं की लोखंड पांढरं चमकायचं. वडूजच्या लोकांनी तिला हसून घेतलं. बिराप्पानं त्यांनाही ऐकवलं, कारण आपली जीभ काही तो सांगलीत ठेवून आला नव्हता. फक्त गॅरेजात कुणी कपडे खराब होतात म्हटलं, तर तो आता नक्कल करून दाखवत नसे. अंगावर पोतं फेकायचा, आणि म्हणायचा, हे अंथरा आणि शिरा.

मधुकररावांची ती हिरवी मोटारही खपलीच. पुन्हा डांबर लागलं, गालिचा बदलला, आणि मिरजेच्या एका सावकारानं ती घेतली. रंग फार आवडला, म्हणे.