वेदीची दिशा

सौंसरच्या बाहेर, संत्र्याच्या बागा सुरू होतात तिथे ख्रिस्ती मंडळींची एक छोटी वस्ती होती. उपासना शाळेच्या खोलीत चाले. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी मायदेशी निघून गेले आणि जाताना नव्या चर्चचा नकाशा वस्तीच्या पाळकांच्या हाती ठेवून गेले. बांधकामाला सुरुवात व्हायला काही वर्षं गेली. तोवर राज्यांची फेररचना होऊन नागपूर आमच्या राज्यातून निघून गेलं होतं.

मी तालुक्याचा ओव्हरसियर. मोऱ्या, शाळेच्या खोल्या आणि साहेबांच्या दौऱ्यासाठी रंगवलेली कुंपणं एवढं माझं कर्तृत्व. पण तालुक्यात नकाशा वाचणारे फार नव्हते. पाळक एका सकाळी सायकलवरून आले आणि म्हणाले, "जरा आखणीपुरतं बघा. आम्ही सारे त्या कागदापुढे आंधळे." आंधळ्यांत डोळस म्हणून बोलावलं गेलं की माणूस पटकन फुगतो. मीही फुगलो. घरी एक जाडजूड इंग्रजी बांधकामाचं पुस्तक होतं, त्यातलं चर्चवरचं प्रकरण मी रात्रीत वाचून काढलं. सगळं नाही. भागांची नावं होती ती पानं वाचली, पुढची चाळली.

दुसऱ्या दिवशी वस्तीत बाजेवर नकाशा पसरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले. एक कोपरा नव्हताच. घडीवर झिजून कधीतरी गळून पडला होता. भोवती पाळक, चार-पाच बायामाणसं आणि वस्तीतलाच मिस्त्री. तो पाळकांच्या मंडळीतला, पन्नाशीचा, कामठीला तरुणपणी गोऱ्यांच्या चर्चवर राबलेला.

"असं समजा," मी म्हटलं, "इमारत खिडकीच्या उंचीवर आडवी कापली आणि वरचा भाग उचलून बाजूला ठेवला. आता वरून बघा. जाड काळं दिसतं ती कापलेली भिंत. मध्ये रिकामं आहे ते दार. हे काळे ठिपके म्हणजे खांब. तुटक रेघा म्हणजे डोक्यावरच्या कमानी. जमिनीवर त्यांचं काही नाही."

"मंग आम्ही बसणार कुठं?" एका म्हातारीने विचारलं.

"ही मधली लांब जागा, नेव्ह. तुम्ही इथे. खांबांच्या पलीकडे दोन्ही बाजूंना या अरुंद पट्ट्या, आइल. तिथून ये-जा. ही आडवी पट्टी, दोन्ही बाजूंना बाहेर आलेली, तिला ट्रान्सेप्ट म्हणतात. हिच्यामुळे नकाशाला क्रुसाचा आकार येतो. आणि टोकाला हा अर्धगोल, ॲप्स. त्यात वेदी आणि तिच्यामागे या तीन बारक्या खिडक्या."

"माणूस उताणा निजल्यावानी," म्हातारी म्हणाली. "हात पसरून. हे त्याचं डोस्कं."

माझ्या पुस्तकातल्या प्रकरणात इतकं नेमकं वाक्य नव्हतं.

मिस्त्री अर्धगोलावर बोट फिरवत होता. पाळकांनी त्याला शब्द दिला होता की गोल भिंत त्यानेच उभारायची. "साऱ्या जिंदगीत सरळ भिंतीच बांधल्या," तो म्हणाला. "ही एक गोल. आन् तीही आपल्या घरची."

मग जागेवर आखणी, मी आणि मिस्त्री दोघंच. प्रश्न एकच होता, डोकं कुठल्या दिशेला. उत्तरेचा बाण बहुधा त्या गळालेल्या कोपऱ्यात होता. मी विचार केला नाही. विचार करायची गरजच वाटली नाही. लहानपणापासून पाहिलेली देवळं पूर्वेच्या दाराची. देव पश्चिमेला, तोंड उगवतीकडे. मी दार पूर्वेला धरलं आणि ॲप्स पश्चिमेला टाकला.

मिस्त्री दोरी हातात घेऊन थांबला. "साहेब, कामठीले उलटं होतं. वेदी उगवतीकडं. सकाळचा उजेड अशाच तीन बारक्या खिडक्यांतून मंडळीच्या तोंडावर यायचा."

"नकाशा तुम्ही वाचता का मी?"

"तुम्हीच वाचून राह्यले ना साहेब. मी कुठं वाचतो?" तो हसला आणि दोरी ताणली. चुन्याची रेघ मी स्वतः पाडली.

आमच्याकडे नक्कल होती. मूळ नकाशा, बाणासकट, तो काढणाऱ्या नागपूरच्या आर्किटेक्टकडे होता. मी नंतर स्वतःला सांगितलं की नागपूर आता दुसऱ्या राज्यात गेलंय, पत्रव्यवहार लांबतो. खरं तर नागपूर होतं तिथेच होतं, आणि सकाळच्या मोटारीने जाऊन संध्याकाळी परत येता येत होतं.

पाया भरला, भिंती गुडघ्यापर्यंत आल्या, तेव्हा नागपूरहून एक वयस्कर पाळक बघायला आले. ते भिंतींच्या आत शिरले, सूर्याकडे पाहिलं, मग ॲप्सच्या पायाकडे. "वेदी मावळतीला?" त्यांनी हळूच विचारलं.

त्या रात्री मी पुस्तक पुन्हा उघडलं. चाळलेल्या पानांत ते होतं, अगदी ठळक: जुन्या प्रथेप्रमाणे वेदी पूर्वेला, मुख्य दार पश्चिमेला. कुठे जागेमुळे बदलतात, पण इथे तीन खिडक्या त्या उजेडासाठीच काढल्या होत्या.

दोन दिवसांनी मंडळीची बैठक झाली. पाया उपटणं शक्य नव्हतं. आहे तसंच वर न्यायचं ठरलं. मग कोणीतरी विचारलं, "दोरी कोणी धरली होती?"

मी म्हणालो, "दोरी मिस्त्रीने धरली होती."

वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. मी चष्मा पुसत राहिलो. त्याचं न बोलणं लोकांनी कबुली धरलं. गोल भिंतीचं काम पांढुर्ण्याच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलं.

मार्चमध्ये चर्चचं समर्पण झालं, संध्याकाळी. गाणं सुरू झालं तेव्हा सूर्य नेमका त्या तीन खिडक्यांत उतरला आणि नेव्हमधल्या प्रत्येकाच्या डोळ्यांत घुसला. बायांनी पदर कपाळावर ओढले, पुरुषांनी पुस्तकं आडवी धरली. पाळक उजेडात नुसती सावली झाले होते. कोणी माझ्याकडे पाहिलं नाही; मला पहिल्या रांगेत मानाची खुर्ची होती. मिस्त्री आइलमध्ये, खांबाच्या आड बसला होता. तिथे ऊन येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात थापी घासत होता. मी सगळं सांगितलं, दाराची गोष्ट, देवळांची, पुस्तकातल्या पानाची.

"मले मालूम हाय साहेब," तो म्हणाला. "मीच तर तिथं उभा होतो."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"तुमच्यापुढं माहं कोण ऐकते? आन् तुम्ही काहून नाही बोलले?"

भरपाई कशी करू, असं काहीतरी पुटपुटलो. त्याने थापी बाजूला ठेवली.

"वेदी आता फिरत नाही. भिंत झाली, चांगली बांधली त्या पांढुर्ण्याच्या मिस्त्रीनं. तुम्ही फक्त रविवारी या, आन् मले सांगितलं तेच मंडळीले सांगा. मोठं भाषण नका करू."

मी हो म्हणालो.

रविवारी मी धुतलेला सदरा घालून गेलो. दाराबाहेर उभा राहिलो. सकाळचं ऊन माझ्या पाठीवर होतं, माझी सावली दारातून आत नेव्हमध्ये लांब पडली होती. आतून गाणं येत होतं. पाळकांनी मला पाहिलं, हसले, पुढे या म्हणून हाताने खुणावलं. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी होती. मीही हसून हात जोडले, मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, जसं काही मला कुठे पोचायचं होतं, आणि मागे फिरलो.

पावसाळ्यापूर्वी माझी बदली झाली. निरोपाला पाळक आले, हार घातला, आणि चार माणसांसमोर म्हणाले की या माणसाने आम्हाला नकाशा वाचायला शिकवलं. मिस्त्री आला नव्हता. कामासाठी तो नागपूरकडे गेल्याचं कोणीतरी सांगितलं. सौंसरात त्याला मोठं काम कोणी देत नाही, हेही सांगितलं, आणि मी मान हलवली.