कवायतबाईंनी कवायत कापली

शाळेत त्यांना खऱ्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मुलं, मुलांचे आईबाप, शिपाई, सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, कवायतबाई. आणि का असू नये? वार्षिक क्रीडादिनाला त्यांची कवायत बघायला लोक खुर्च्या धरून बसायचे. शंभर मुलं, एक ताल, एकही हात वाकडा नाही. संस्थेचे अध्यक्ष दरवर्षी माइकवर म्हणायचे, "याला म्हणतात शिस्त!" आणि बाई मैदानाच्या कडेला शिट्टी मुठीत धरून दोन बोटं उंच व्हायच्या.

पण त्या वर्षी जूनमध्येच संस्थेनं फर्मान काढलं. पीटीच्या तासाला मुलं नेमकं शिकतात काय, ते वर्षाच्या तक्त्यात मांडून दाखवा. नाही पटलं, तर पुढच्या वर्षीपासून वरच्या वर्गांचे आठवड्याचे दोन्ही तास गणिताला. अध्यक्ष क्रीडादिनाला येतील आणि तिथंच काय ते ठरवतील.

गणिताचे सर तसे भले माणूस, पण आयत्या मिळणाऱ्या तासांना नाही कोण म्हणेल? शिक्षकांच्या खोलीत ते हसत म्हणाले, "बाई, पळायला काय तक्ता लागतो? शिट्टी वाजली की पळायचं."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या एवढंच म्हणाल्या, "सर, आधी थांबायला शिकवावं लागतं. मग पळायला."

घरी नवऱ्याचं शिवणकाम. समोरच्या खोलीत कापड बेतायचं लांबलचक टेबल. रविवारी बाईंनी ते रिकामं करून घेतलं आणि त्यावर अख्ख्या वर्षाचा कागद अंथरला. आडवे आठवडे, उभ्या इयत्ता. चार रंगांच्या चिठ्ठ्या कापल्या. लाल खेळांच्या, निळ्या तंदुरुस्तीच्या, हिरव्या हालचालींच्या कौशल्यांच्या, पिवळ्या आरोग्याच्या. मग टाचण्या घेऊन बसल्या. फेकणं-झेलणं आधी, हँडबॉल नंतर. हुलकावणी आधी, पळापळीचे खेळ नंतर. तंदुरुस्तीची चाचणी वर्षाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, म्हणजे प्रत्येक पोराला आपण कुठून कुठं आलो ते कळावं. शेजारच्याच्या पुढे किती, हा हिशेब नकोच.

संध्याकाळी नवरा चहा घेऊन आला. टेबलाकडे बघत म्हणाला, "अगं, माझ्या गिऱ्हाइकांनाही एवढं मापात मी शिवून दिलं नसेल."

"उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका," बाई म्हणाल्या. पण चढल्या होत्या, हे खोटं कशाला सांगू?

सोमवारी तक्ता मोठ्या बाईंच्या टेबलावर गेला. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. कमी बोलणाऱ्या, पण नजर सुईची. त्यांनी चष्मा चढवला, बोट आठवड्यांवरून फिरवत नेलं आणि पावसाळ्यावर थांबल्या.

"पिवळ्या चिठ्ठ्या सगळ्या इथेच का हो?"

"पावसात मैदान ओलं असतं. मुलं वर्गात बसतात, तेव्हा आरोग्य उरकून टाकते."

"म्हणजे आरोग्य शिकवायचं की नाही, हे ढगांनी ठरवायचं?" मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "आणि मुरगळलेल्या पायाला काय करायचं, हे पोरांना उड्या मारायच्या चार महिने आधी सांगून ठेवणार? लक्षात राहील त्यांच्या?"

बाईंना बोलणं लागलं, कारण खरं होतं. इतकी वर्षं आरोग्याचा धडा म्हणजे पावसाची सोय, याच्यापलीकडे त्यांनी विचारच केला नव्हता. पीटी शिकवणारे सगळेच असं करतात, असं स्वतःला सांगून बघितलं. समाधान होईना.

घरी येऊन त्यांनी सगळ्या पिवळ्या टाचण्या उपटल्या. नाडी मोजणं लांब पळण्याला जोडलं. मुरगळ आणि खरचटणं उड्यांना. खाणं-पिणं दमसासाच्या आठवड्यांना, झोप परीक्षेच्या आधी. वयात येतानाचे बदल सातवीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच, पोरं-पोरी एकमेकांसमोर लाजून तास चुकवायला लागतात त्याच्या आधी. सगळं जिथल्या तिथं बसलं, फक्त आठवडे कमी पडले. हँडबॉल आणि बॅडमिंटन कागदाच्या बाहेर लोंबायला लागले.

"कापड तेवढंच आहे," नवरा म्हणाला. "कुठूनतरी कापायला लागणार."

"पण कुठून?"

त्याची नजर क्रीडादिनाच्या आधीच्या आठवड्यांवर गेली. तिथं सलग एकाच रंगाची पट्टी होती, बाईंनी स्वतः टाचलेली. कवायतीचा सराव. दीड महिना!

बाईंनी त्या पट्टीवर बोट ठेवलं. त्या दीड महिन्यात मुलं शिकतात काय? पहिल्या आठवड्यात ताल शिकतात. पुढं तेच ते. आणि ज्यांचा पाय चुकतो, त्यांना बाईच रांगेतून काढून भिंतीच्या सावलीत बसवतात, शोभा जायला नको म्हणून. निम्मी शाळा बसून टाळ्या वाजवते. ही आपली शान!

जिवावर आलं होतं, पण त्यांनी कात्री घेतली. पहिला आठवडा ठेवला, बाकी पट्टी कापून टाकली.

नवा तक्ता बघून मोठ्या बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अहो, अध्यक्ष कवायत बघायलाच येतात! ती दिसली नाही, तर तास गेलेच म्हणून समजा."

"पोरं शिकतील, ते बघतील."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर तास जातील. पण पिवळ्या चिठ्ठ्या कुठं बसवायच्या ते तुम्हीच दाखवलंत, बाई. आता मागं फिरता येत नाही मला."

मोठ्या बाईंनी पेन उघडून तक्त्यावर सही केली.

क्रीडादिन उजाडला. अध्यक्ष आले, मंचावरच्या खुर्चीत बसले, मैदानाकडे बघितलं आणि कपाळाला आठी पडली. रांगा नव्हत्या, बँड नव्हता. ठिकठिकाणी टोळकी. कुठं झेलाझेली, कुठं गाद्यांवर उड्या, कुठं दोन पोरं तिसऱ्याच्या घोट्याला पट्टी बांधतायत. गणिताचे सरही मान उंच करून बघत होते.

"कवायत कुठंय?" अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी तोंड उघडायच्या आतच मोठ्या बाई म्हणाल्या, "माझ्या सहीनं कमी झालीय, साहेब. जरा खाली उतरून बघता का?"

ते नाइलाजानं उतरले. पहिल्याच टोळक्यात सातवीतली एक जाडसर, चष्मेवाली पोरगी होती. तिनं सरळ त्यांचं मनगट धरलं. अंगठ्याखाली दोन बोटं, नजर घड्याळावर. मग म्हणाली, "आता मैदानाला एक चक्कर मारा, आजोबा. भरभर."

लोक हसले. अध्यक्षही हसले आणि निघाले. परत आले ते धापा टाकत. पोरीनं पुन्हा नाडी मोजली, मिनिटभर थांबवून आणखी एकदा मोजली.

"आजोबा, तुमची नाडी खाली यायला वेळ लागतोय. माझ्या नाडीलापण लागायचा, जूनमध्ये." तिनं आपला कागद दाखवला. "हे बघा, जून. ही आत्ताची. तुम्ही रोज थोडं चाला, हळूहळू वाढवा. पण आधी डॉक्टरांना विचारा हं!"

अध्यक्षांनी कागद वाचला, परत वाचला. "हे तुला कुणी शिकवलं?"

पोरीनं मान वर केली. ही पोरगी गेली दोन वर्षं भिंतीच्या सावलीत बसली होती, बाईंनीच बसवली होती.

"शिकवलं बाईंनी," ती म्हणाली. "पण केलं मी."

अध्यक्षांनी मोठ्या बाईंकडे वळून सांगितलं, तास राहू द्या. गणिताच्या सरांनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवल्या, हेही सांगायला हवं. त्या दिवशी माइकवर बाईंच्या शिस्तीचं कुणी नाव काढलं नाही. बाईंना त्याची आठवणसुद्धा झाली नाही. बाई त्या पोरीकडे बघत उभ्या होत्या, डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत इतका अभिमान त्यांना स्वतःचा कधी वाटला नव्हता.