प्रश्न सदतीस

हर्षदाला दोन मार्कांनी पोलीस भरती हुकली. वाडीत सगळ्यांनी हळहळ केली आणि लग्नाचं बोलणं काढलं. ती मात्र बारवीच्या डोंगरातून उतरून अंबरनाथ पूर्वेला एका खोलीत राहायला आली आणि स्वतः भरतीचे सराव पेपर काढू लागली. परीक्षेसारखेच शंभर प्रश्न, दीड तास. टेलिग्रामवर तिचा एक उघडा चॅनल होता. तिथे रोज सकाळी पाच प्रश्न फुकट असत. वीस पेपरांची मालिका घेणाऱ्यांसाठी वेगळा, खासगी चॅनल होता. सहाशे मुलं झाली. डोंगरातल्या पोरीला कोण विचारतंय म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

बुद्धिमत्तेच्या प्रश्नांत अ, ब, क किंवा राम-श्याम घालणं तिच्या जिवावर यायचं. ती वाडीतली माणसं घालायची. ओळीत उभी राहायची ती तिचीच माणसं, उत्तरेला चालत जायचा तो तिचाच मामा.

एके दिवशी एका विद्यार्थ्याने तिला उल्हासनगरच्या एका मोठ्या अकॅडमीच्या पीडीएफ पाठवल्या. प्रश्न तिचेच होते. पानावर आडवं छापलेलं तिचं फिकट नाव झाकून वर अकॅडमीचा शिक्का बसवला होता. तिने अकॅडमीच्या राजेंद्र सरांना सरळ मेसेज केला. सरांनी तिला उत्तर दिलं नाही. त्यांनी आपल्या तीस हजारांच्या चॅनलवर लिहिलं की, आम्ही गेल्या वर्षी वर्गात दिलेले पेपर एक मुलगी स्वतःचे म्हणून विकते आहे, सावध राहा. चोराच्या उलट्या बोंबा. पण बोंब मोठ्या घरची होती. दोन दिवसांत दीडशे मुलं तिच्या चॅनलमधून निघून गेली. तारखा दाखवून काय होणार? वर्गात वाटलेल्या कागदाला तारीख कोण विचारतो?

हर्षदा रडली नाही, चिडली. अकॅडमी दर रविवारी हॉलमध्ये पेपर घेई, आणि तिचे पेपर तिच्याच क्रमाने वापरत होती. या रविवारी चौदावा येणार होता. चौदावा म्हटल्यावर तिला सदतिसावा प्रश्न आठवला आणि ती एकटीच हसली. तिने फी भरून नाव नोंदवलं.

पेपर चौदावाच निघाला. दीड तास तिने इतरांसारखेच गोल काळे केले. मग राजेंद्र सर उत्तरं सांगायला फळ्यापाशी आले. ही चर्चा त्यांच्या चॅनलवर थेट दाखवत. सदतीसवर पुढच्या रांगेतला प्रीतम नावाचा मुलगा उठला.

प्रश्न असा होता: देऊ आणि चंद्री बहीणभाऊ. जनू चंद्रीचा मुलगा. चिमी देऊची मुलगी. तर चिमी जनूची कोण? पर्याय: मावसबहीण, आतेबहीण, मामेबहीण, पत्नी.

"सर, मामाची मुलगी म्हणजे मामेबहीण ना? वाटलेल्या उत्तरसूचीत ड कसं काय दिलंय?"

सरांनी हातातली उत्तरसूची पाहिली. ड, पत्नी. त्यांनी फळ्यावर नाती मांडली, पुसली, पुन्हा मांडली. मामेबहिणीची बायको काही होईना. हॉल खुसखुसू लागला. शेवटी ते म्हणाले, छपाईची चूक आहे.

"छपाईची नाही सर, माझी आहे," मागून हर्षदा उठून म्हणाली. "चंद्री माझी आई. देऊ माझा मामा. जनू माझा भाऊ, आणि त्याने मामाचीच मुलगी केली. चिमी माझी वहिनी आहे. आमच्याकडे अशी सोयरीक चालते. पेपर काढताना डोळ्यासमोर घर होतं, म्हणून हात ड वर गेला."

कुणीतरी मोठ्याने हसलं. तिने फोन वर धरला. पेपर टाकला त्याच संध्याकाळी तिने खासगी चॅनलवर दुरुस्ती टाकली होती: सदतीसचं उत्तर क, चूक माझी, क्षमस्व. खाली मुलांनी वहिनीवरून केलेली थट्टाही तशीच होती.

"तुमच्या माणसाने पेपर सकाळीच उतरवून घेतला, दुरुस्ती यायच्या आधी," ती म्हणाली. "नव्याण्णव प्रश्नांवर तुम्ही तुमचं नाव टाकलंत, सर. या चुकीवर टाकून दाखवा. चिमी तुमची कोण लागते ते सांगा."

सरांनी खूण केली आणि थेट प्रक्षेपण बंद झालं. पण मुलांचे फोन चालू होते. संध्याकाळपर्यंत त्यांवर काढलेली चित्रफीत सगळ्या ग्रुपांत फिरली, आणि सरांचा सावधानतेचा इशारा चॅनलवरून गुपचूप नाहीसा झाला. माफी कुणी मागितली नाही. तिलाही ती नको होती.

वाडीवरून चिमीचा फोन आला. सगळ्या भरतीवाल्या पोरांत माझं नाव केलंस, आता ते पुसू नको, असं तिने बजावलं. हर्षदाने चौदावा पेपर नव्याने टाकला. नावं तीच, पर्याय तेच. सदतीसच्या उत्तराखाली तिने एक ओळ लिहिली: परीक्षेत क लिहा. ड आमच्या घरी.